राणीपेटचा गाळ: क्रोमियमयुक्त टॅनरी स्लज आणि रंगाईचा स्लज भरावभूमीत जाण्यापूर्वी

तामिळनाडूतील राणीपेटच्या औद्योगिक वसाहतीत ३१ जानेवारी २०१५ च्या रात्री टॅनऱ्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळसाठ्याची भिंत फुटली. आतला अर्धद्रव गाळ शेजारच्या टॅनरीत शिरला आणि तिथे झोपलेले दहा कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक पश्चिम बंगालमधून आलेले होते. पालार नदीकाठच्या या पट्ट्यातील चर्मोद्योगाचे प्रदूषण तेव्हा नवीन नव्हते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर सिटिझन्स वेलफेअर फोरमच्या खटल्यात दिलेला निकाल याच टॅनऱ्यांशी संबंधित होता. परंतु त्या रात्री माणसे दगावली ती क्रोमियमच्या विषारीपणामुळे नव्हे, तर गाळ घट्ट न होता पातळच राहिला होता म्हणून. गाळातील घातक द्रव्य पाझरू नये म्हणून ते बांधून ठेवण्याविषयी, म्हणजे स्थिरीकरणाविषयी, बोलताना ही गोष्ट बहुधा दुसऱ्या क्रमांकावर जाते, म्हणून या अभ्यासाची सुरुवात तिथूनच करीत आहे.

एखाद्या टाकीत चार मीटर खोल गाळ साठला आहे आणि त्याची घनता पाण्यापेक्षा पाच टक्क्यांनी अधिक आहे, असे धरू. असा पातळ गाळ भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ८.४ टनांचा आडवा जोर देतो. खोली पाच मीटर झाली, तर हाच जोर तेरा टनांवर जातो, कारण तो खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काठावर आणखी एक मीटर जागा आहे म्हणून गाळ ओतत राहिल्यास भिंतीवरचा ताण दीडपटीहून अधिक होतो, आणि बघणाऱ्याला मात्र पातळी थोडीशीच वाढलेली दिसते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, राणीपेटच्या टाकीची मोजमापे नव्हेत. गाळ घट्ट होऊन स्वतःचा भार स्वतः पेलू लागला, की हा जोर झपाट्याने उतरतो. घनीकरणाचे पहिले काम हेच आहे.

एकाच गावात दोन प्रकारचे क्रोमियम

राणीपेटमध्ये क्रोमियमचे दोन वेगळे वारसे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की उपाय चुकतो. पहिला वारसा १९९० च्या दशकात बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा. त्याच्या आवारात दोन लाख टनांच्या आसपास क्रोमियमयुक्त टाकाऊ माल पडून राहिला आणि त्यातून पाझरणारे पाणी पिवळे दिसे. तो पिवळा रंग षट्‌संयुजी क्रोमियमचा असतो. हे रूप कुठल्याही पीएचला सहज विरघळते, भूजलात दूरवर जाते आणि कर्करोगकारक आहे. दुसरा वारसा टॅनऱ्यांच्या गाळाचा. कातडी कमावताना बेसिक क्रोमियम सल्फेट वापरतात. त्यातला साधारण साठ-सत्तर टक्के क्रोमियम कातड्यात मुरतो आणि उरलेला सांडपाण्यात जातो. हा क्रोमियम त्रिसंयुजी असतो. सांडपाण्यात चुना घातला की त्याचा हिरवट हायड्रॉक्साइड होतो आणि तो गाळात बसतो. पीएच साधारण ८ ते १० असेपर्यंत हा हायड्रॉक्साइड जवळजवळ विरघळतच नाही.

याचा अर्थ असा की टॅनरीच्या गाळातील क्रोमियम केंद्रातून बाहेर पडताना बऱ्यापैकी बांधलेला असतो. स्थिरीकरण करणाऱ्याला त्याला नव्याने पकडायचे नसते, तर पुढची काही दशके सुटू द्यायचे नसते. तो सुटण्याच्या वाटा मुख्यतः दोन. आम्लाचा संपर्क आला तर हायड्रॉक्साइड विरघळतो. आणि चुन्याच्या सान्निध्यात, भरपूर हवा व उष्णता मिळाली, तर त्रिसंयुजी क्रोमियमचा काही भाग षट्‌संयुजी होतो. टॅनरीचा गाळ हवेच्या मुबलक पुरवठ्यात जाळला की राखेत कॅल्शियम क्रोमेट तयार होण्याचा धोका असतो, तो या दुसऱ्या वाटेनेच. राखेचे आकारमान कमी, वास नाही, हाताळायला सोपी, म्हणून जाळणे हा सोयीचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात त्यात तुलनेने सौम्य रूपाचे रूपांतर घातक रूपात होऊ शकते. गाळाच्या विटा भाजण्याच्या प्रस्तावांकडेही मी याच कारणासाठी सावधपणे पाहतो. विटेची ताकद मोजून भागत नाही, भाजलेल्या विटेच्या चुऱ्यातून पाण्यात किती षट्‌संयुजी क्रोमियम उतरतो ते मोजावे लागते.

आधी पाणी काढा

समजा, साठवण टाकीतील एक टन गाळ आहे. त्यात दहा टक्के घन पदार्थ, म्हणजे १०० किलो, आणि उरलेले ९०० किलो पाणी. कोरड्या घन पदार्थाच्या दोन टक्के क्रोमियम आहे असे धरू, म्हणजे एकूण दोन किलो. हा गाळ घट्ट करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फिल्टर प्रेसचा. दाब देऊन घनांश चाळीस टक्क्यांवर आणला, तर एक टनाचा २५० किलो घट्ट लगदा, म्हणजे केक, उरतो. उरलेले ७५० किलो पाणी केंद्रात परत जाते. दुसरा मार्ग म्हणजे पातळ गाळातच चुना, फ्लाय ॲश, सिमेंट असा कोरडा बंधक ओतणे. घनांश त्याच चाळीस टक्क्यांवर यायचा, तर ५०० किलो बंधक लागतो आणि एक टनाचा दीड टन माल होतो. एका मार्गाने भरावभूमीत पाव टन जातो, दुसऱ्याने दीड टन, म्हणजे सहापट. केकमध्येही पुढे बंधक मिसळायचा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी होतो; तरी तो इतका मोठा राहतो की फिल्टर प्रेसचा खर्च वाचवण्याचा युक्तिवाद टिकत नाही.

दुसऱ्या मार्गात आणखी एक फसगत आहे. भारतात धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लीचिंग चाचणीतील, म्हणजे मालातून द्रावणात काय पाझरते ते पाहणाऱ्या चाचणीतील, क्रोमियमची मर्यादा प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम आहे. त्यासाठीच्या टीसीएलपी या चाचणीत नमुना सौम्य आम्लात ढवळतात आणि नमुन्याच्या वीसपट वजनाचे द्रावण घेतात. आपल्या केकमध्ये किलोमागे ८ ग्रॅम क्रोमियम आहे. तो सगळाच्या सगळा सुटला असता, तर द्रावणात प्रतिलिटर ४०० मिलिग्रॅम आला असता. मर्यादेत राहण्यासाठी जवळजवळ ९९ टक्के क्रोमियम धरून ठेवावा लागेल. दीड टनाच्या मिश्रणात मात्र किलोमागे सव्वा ग्रॅमच्या थोडा वर क्रोमियम आहे, सगळा सुटला तरी प्रतिलिटर ६७ मिलिग्रॅम. तिथे साडेब्याण्णव टक्के धरले तरी नमुना उत्तीर्ण होतो. रसायनशास्त्रात काहीही न सुधारता केवळ माल वाढवल्याने निकाल सुधारतो. म्हणून अहवालात लीचेटच्या, म्हणजे पाझरून आलेल्या द्रावणाच्या, आकड्याशेजारी बंधकाचे प्रमाण लिहिलेले नसेल, तर त्या आकड्यावरून स्थिरीकरणाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

केक पुरेसा कोरडा झाला की नाही, हे एका साध्या चाचणीने कळते. साठ जाळीच्या शंकूच्या आकाराच्या रंगगाळणीत १०० ग्रॅम केक ठेवायचा आणि पाच मिनिटे खाली पाहत राहायचे. गाळणीतून एक जरी थेंब पडला, तरी त्या मालात मोकळे पाणी आहे आणि तो भरावभूमीत जाण्यास अपात्र ठरतो. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही ही चाचणी प्रत्येक गाडीमागे करता येते. माझ्या मते ती गाडी आत येताना आणि मिश्रण बाहेर जाताना, अशी दोनदा व्हायला हवी, कारण हलत्या गाडीत केक पुन्हा पाणी सोडतो.

बंधक निवडताना

टॅनरीच्या गाळात क्रोमियमखेरीज प्रथिने, चरबी, केस, कातड्याचे तुकडे असतात. कोरड्या गाळाचा मोठा हिस्सा सेंद्रिय असू शकतो, आणि सिमेंटची खरी अडचण तिथे येते. प्रथिनांचे विघटित अंश आणि चरबीयुक्त आम्ले सिमेंटच्या कणांवर थर धरतात, त्यातील कॅल्शियमशी बांधली जातात आणि सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया मंदावते. सात दिवसांनीही ठोकळ्यात बोटाचे नख रुतत असेल, तर बंधक कमी पडला असे समजून सिमेंट वाढवत जाण्याआधी हा मंदावा तपासला पाहिजे. त्यावरचा उपाय म्हणजे केक आधी थोड्या चुन्यात मिसळून काही दिवस मुरू देणे आणि मगच सिमेंट किंवा फ्लाय ॲश घालणे. चुना सेंद्रिय पदार्थांतील काही अंश आधीच बांधून टाकतो आणि पुढच्या सिमेंटला मोकळीक मिळते. केवळ सिमेंटऐवजी चुना-फ्लाय ॲश यांचा मोठा आणि सिमेंटचा लहान वाटा ठेवणे स्वस्तही पडते. पण प्रत्येक गाळाची प्रकृती वेगळी असते, म्हणून ओल्या केकच्या वजनाच्या दहा, वीस आणि तीस टक्के बंधकाचे लहान ठोकळे करून सात व अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिल्याशिवाय प्रमाण ठरवता येत नाही. अमेरिकेतील जुन्या मार्गदर्शक सूचनेत ०.३४ मेगापास्कल दाबताकद पुरेशी मानली आहे. भरावात वरून येणाऱ्या थरांचे वजन पेलण्यास तेवढी पुरते. काँक्रीटइतकी ताकद इथे कुणी मागत नाही.

येणाऱ्या मालात षट्‌संयुजी क्रोमियम सापडला, तर तो बंधक घालण्याआधी त्रिसंयुजी करावा लागतो. सिमेंट त्याला नीट धरत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हे त्यासाठीचे नेहमीचे द्रव्य. एक किलो षट्‌संयुजी क्रोमियमला हिशेबाने सोळा किलो हिराकस लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक, कारण अल्कधर्मी गाळात त्यातील लोह हवेनेच ऑक्सिडाइझ होते. धातू मुलाम्याच्या कारखान्यांत याच कामासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात. ते पीएच दोन-तीनवर नीट चालते, म्हणून आधी आम्ल घालतात. ही पद्धत टॅनरीच्या गाळावर वापरू नये. केस काढण्यासाठी वापरलेल्या सोडियम सल्फाइडचा अंश या गाळात असतो. आम्ल घातले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, आणि मिश्रणाच्या खड्ड्यात उतरलेला कामगार काही श्वासांत बेशुद्ध पडू शकतो. हिराकस आम्ल न घालता अल्कधर्मी गाळातही चालते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

षट्‌संयुजी क्रोमियम ओळखण्यासाठी लीचेटमध्ये डायफिनाइल कार्बाझाइड घालतात, आणि तो असेल तर जांभळा रंग येतो. तीव्रता ५४० नॅनोमीटरला मोजतात. स्थिरीकरण होऊन दोन-तीन महिने झाल्यावर ही चाचणी पुन्हा करावी, असा माझा आग्रह आहे. पहिल्या दिवशी शून्य असलेला आकडा उघड्यावर वाळत पडलेल्या, भरपूर चुना असलेल्या ढिगात नंतर वर येऊ शकतो. चुना जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, ही समजूत इथे उलटते.

लीचिंग चाचणीच्या बाबतीतही चुना डोळ्यांत धूळ टाकू शकतो. टीसीएलपीच्या द्रावणात नमुन्याच्या किलोमागे साधारण दोन मोल ॲसिटिक आम्ल असते. ५६ ग्रॅम भाजलेला चुना ते सगळे मारून टाकतो. किलोभर मालात प्रक्रिया न झालेला सहा टक्के चुना असेल, तर अठरा तासांच्या चाचणीत आम्ल उरतच नाही, द्रावणाचा पीएच नऊ-दहावर राहतो, आणि क्रोमियम हायड्रॉक्साइडला विरघळण्याचे कारणच मिळत नाही. निकाल खरा असतो, पण तो चुन्याच्या साठ्याचा निकाल असतो. पावसाचे पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड हा साठा वर्षानुवर्षे संपवत जातात. म्हणून चाचणी संपताना द्रावणाचा पीएच किती होता, हे नोंदवले पाहिजे, आणि आणखी आम्ल घालून पीएच सहा-सातपर्यंत उतरवल्यावर किती क्रोमियम सुटतो, तेही पाहिले पाहिजे. हा दुसरा आकडा नियमात मागितलेला नसला, तरी साठ वर्षांनंतरच्या भरावाबद्दल तोच काही सांगतो.

रंगाईचा गाळ वेगळा का ठेवावा

सामायिक धोकादायक कचरा केंद्रात टॅनरीचा गाळ आणि कापड रंगाईचा गाळ शेजारीशेजारी येऊन पडतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. आपल्याकडे रंगाईचा गाळ इचलकरंजी-सोलापूरसारख्या वस्त्रोद्योगाच्या शहरांतून निर्माण होतो. क्रोमचा गाळ मात्र तुलनेने कमी. (कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक कातडे हिरडा-बाभळीच्या सालीत कमावले जाते, त्यामुळे त्या धंद्याचा गाळ या हिशेबात येत नाही.) दोन्ही गाळ दिसायला सारखेच, काळपट, चिकट, दुर्गंधी येणारे असल्याने एकाच खड्ड्यात मिसळून एकाच प्रमाणाने बंधक ओतण्याचा मोह होतो.

रंगाईच्या सांडपाण्यातील रंग चुना आणि हिराकस घालून खाली बसवतात. त्यामुळे गाळात लोहाचे हायड्रॉक्साइड, कॅल्शियम आणि त्यांना चिकटलेले रंग असतात, शिवाय खळीचा स्टार्च. क्रोमियम किंवा तांबे काही धातुसंकर रंगांतून येते, पण प्रमाण बहुधा टॅनरीच्या गाळापेक्षा पुष्कळ कमी. इथली खरी अडचण मिठाची आहे. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवण्यासाठी रंगपात्रात लिटरमागे तीस ते ऐंशी ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात, आणि ते केकमधल्या पाण्याबरोबर येते. सल्फेट सिमेंटमधील ॲल्युमिनेटशी मिळून एट्रिंगाइट बनवते. त्याचे स्फटिक जागा व्यापतात, आणि ठोकळा आतून फुगतो. सात दिवसांचा ठोकळा उत्तम, अठ्ठावीस दिवसांचाही ठीक, आणि नव्वद दिवसांनी त्यावर केसासारख्या भेगा. अठ्ठावीस दिवसांवर अहवाल बंद केला, तर हे कधीच दिसत नाही. केक एकदा पाण्याने धुऊन पुन्हा दाबला, तर मीठ बरेच उतरते, परंतु ते खारे पाणी केंद्राला पेलावे लागते. तिरुपूरमध्ये २०११ च्या बंदीनंतर शून्य-विसर्गाकडे वळलेल्या उद्योगाला हे चांगले ठाऊक आहे.

दुसरी अडचण खुद्द रंगांची. पाण्यात विरघळणारे सल्फोनेटेड रंग सिमेंट नीट धरत नाही. अशा ठोकळ्याचे लीचेट धातूंच्या चाचणीत उत्तीर्ण होते आणि तरीही लालसर किंवा निळसर दिसते. हा रंग डायफिनाइल कार्बाझाइडच्या जांभळ्या रंगात मिसळतो आणि क्रोमियमचा आकडा खोटा चढतो किंवा शंकास्पद होतो. म्हणून अशा नमुन्यात अभिकर्मक न घातलेल्या लीचेटचे वाचन वजा करावे लागते.

शिवाय रंगाईच्या गाळाला सिमेंट भट्टीची वाट खुली आहे. त्यात सेंद्रिय अंश जळतो, चुना व लोह क्लिंकरमध्ये सामावतात, आणि भरावाची जागा वाचते. टॅनरीच्या गाळाला ही वाट जपून द्यावी लागते, कारण भट्टीच्या ऑक्सिडाइझ करणाऱ्या वातावरणात क्रोमियम सिमेंटमध्ये षट्‌संयुजी रूपात उतरतो, आणि ओले सिमेंट हाताळणाऱ्या गवंड्यांना त्वचारोग होण्यामागचे एक कारण तेच आहे. युरोपात सिमेंटमधील विरघळणाऱ्या षट्‌संयुजी क्रोमियमवर दहा लाखांत दोन भागांची मर्यादा आहे ती यासाठीच. एक गाडी क्रोमचा गाळ दहा गाड्या रंगाईच्या गाळात मिसळला, तर त्या दहाही गाड्यांची भट्टीची वाट धोक्यात येते. माझ्या दृष्टीने या दोन गाळांच्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय बंधकाचा नसून प्रवेशद्वारावरचा आहे: कोणती गाडी कोणत्या खड्ड्याकडे जाणार.

राणीपेटसारख्या ठिकाणी हे सगळे लागू करायचे, तर सुरुवात टॅनरीच्या आतच होते. क्रोमचे पाणी बाकीच्या सांडपाण्यात मिसळू न देता वेगळे घेतले, मॅग्नेशियम ऑक्साइडने त्यातील क्रोमियम पीएच आठ-साडेआठवर खाली बसवला आणि सल्फ्यूरिक आम्लात विरघळवून पुन्हा कमावण्याच्या ड्रममध्ये वापरला, तर सामायिक केंद्राच्या गाळातील क्रोमियम बराच घटतो. जो गाळ तरीही उरतो, तो रोजच्या रोज दाबून केक करायचा, साठवणीची कमाल उंची भिंतीच्या आकडेमोडीवरून ठरवून खांबावर रंगवायची, आणि त्या रेषेला केक नव्हे तर पातळ गाळ पोहोचू लागला, की केंद्राने नवीन सांडपाणी घेणे थांबवायचे. स्थिरीकरण झालेला माल एचडीपीई प्लास्टिकची चादर आणि चिकणमातीच्या अस्तरावर पातळ थरांत पसरून दाबायचा, पावसाळ्यात उघडा थर ताडपत्रीने झाकायचा, आणि तळाच्या नळीतून येणाऱ्या लीचेटमध्ये क्रोमियमसोबत क्लोराइड व अमोनियाही मोजत राहायचे. अस्तरातून गळती झाली, तर शेजारच्या विहिरीत क्लोराइड आधी वाढतो, क्रोमियम नंतर.